आधी कोर्ट, मग लवाद: अट मोडली तर काय?

परदेशी गुंतवणूकदार एखाद्या सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादासमोर उभं करू शकतो, कारण त्या सरकारने दुसऱ्या देशाशी केलेल्या गुंतवणूक करारात तशी संमती आधीच देऊन ठेवलेली असते. ही संमती सहसा बिनशर्त नसते. आधी सहा महिने वाटाघाटी करा, आधी अठरा महिने आमच्या कोर्टात जा, कोर्ट आणि लवाद यांपैकी एकच निवडा, अशा अटी तिला जोडलेल्या असतात. प्रश्न असा, की अट पाळली नाही तर लवादाला दावा ऐकण्याचा अधिकारच उरत नाही, की अट हा केवळ कार्यपद्धतीचा भाग आहे आणि योग्य वाटल्यास लवादाने ती बाजूला ठेवावी? यावर लवादांचंच एकमत नाही. इथे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवल्या आहेत. पूर्वपक्ष गुंतवणूकदारांचे वकील मांडतात तो आहे, उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष: सुरुवात बीजी ग्रुपच्या दाव्यापासून करू, कारण तुमच्या अटींचं खरं रूप तिथे दिसतं. ही ब्रिटिश कंपनी ज्या समूहात होती, त्याने ब्यूनस आयर्समध्ये घरोघर गॅस पुरवणाऱ्या मेट्रोगॅस या कंपनीचा बहुसंख्य हिस्सा घेतला. गॅसचे दर डॉलरमध्ये ठरतील आणि कंपनीला वाजवी परतावा मिळेल, असं तेव्हाचं अर्जेंटिनाचं कायद्यातलं आश्वासन होतं. जानेवारी 2002 मध्ये आर्थिक संकटात सरकारने डॉलरमधले दर एकास एक या हिशेबाने पेसोत बदलले. बाजारात मात्र एका डॉलरला सुमारे तीन पेसो पडू लागले, आणि मेट्रोगॅसचा नफा तोट्यात गेला. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्या करारातलं आठवं कलम सांगतं की आधी स्थानिक कोर्टात जा, आणि अठरा महिन्यांत अंतिम निर्णय आला नाही किंवा निर्णयानंतरही वाद उरला, तर लवादाकडे या. पण सरकारने काय केलं? या उपायांविरुद्धच्या खटल्यांतल्या निकालांची अंमलबजावणी 180 दिवस रोखणारा अध्यादेश काढला. शिवाय सार्वजनिक सेवांच्या कंत्राटांची फेरवाटाघाट सुरू केली आणि कोर्टात गेलेल्या कंपन्यांना त्या वाटाघाटीतून वगळलं. बीजी कोर्टात न जाता 2003 मध्ये थेट लवादाकडे गेली. अशा परिस्थितीत कोर्टाची अट लावणं अवाजवी ठरेल असं लवाद म्हणाला, आणि 2007 च्या डिसेंबरमध्ये त्याने साडेअठरा कोटी डॉलरची भरपाई दिली. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने 2012 मध्ये तो निवाडा रद्द केला, पण 2014 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो पुन्हा उभा केला. न्यायमूर्ती ब्रायर यांचं म्हणणं सरळ होतं: ही अट लवाद केव्हा सुरू होईल एवढंच सांगते, लवादाचा करार आहे की नाही हे ती ठरवत नाही. म्हणून तिचा अर्थ लावणं हे आधी लवादाचं काम, आणि कोर्टाने त्यात फार हात घालू नये.

उत्तरपक्ष: बीजीला मिळालेला निकाल मला मान्य आहे, त्यामागचं कारण मान्य नाही. न्यायमूर्ती ब्रायर यांनी करार जणू दोन व्यापाऱ्यांमधलं कंत्राट आहे असं धरलं. अशा कंत्राटात दोन्ही पक्षांनी सही केलेली असते, लवाद ठरलेला असतो, आणि वाटाघाटीची मुदत हा त्यातला तपशील असतो. बीजीने मात्र 1990 च्या त्या करारावर सही केलेली नव्हती. सही ब्रिटनची आणि अर्जेंटिनाची होती. बीजीसाठी अर्जेंटिनाने फक्त एक प्रस्ताव उघडा ठेवला होता. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी असहमतीच्या निकालपत्रात हेच दाखवलं: प्रस्ताव ज्या अटीवर ठेवला आहे त्या अटीवरच तो स्वीकारता येतो, आणि कोर्टात न जाता केलेला दावा हा स्वीकारच नव्हे, त्यामुळे लवादाचा करार जन्मालाच येत नाही. आता बीजीची अडचण पाहा. 180 दिवस म्हणजे अठरा महिन्यांचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि त्या अध्यादेशाने अंमलबजावणी थांबवली होती, खटला दाखल करण्यावर बंदी नव्हती. तेवढ्यावरून अट निरर्थक ठरत नाही. पण कोर्टात जाणाऱ्याला वाटाघाटीतून बाहेर काढणं ही गोष्ट वेगळी आहे. कोर्टाची अट अर्जेंटिनाने स्वतःच्या फायद्यासाठी लावली होती, आणि तिचा वापर करणाऱ्याला त्याच देशाने शिक्षा ठेवली. अटीचा लाभ ज्याला मिळायचा त्यानेच तो नाकारला, म्हणून अट लागू होत नाही, एवढं कारण पुरेसं होतं. त्यासाठी अटीला कार्यपद्धतीच्या खात्यात टाकण्याची गरज नव्हती. असहमत न्यायमूर्तींनाही कोर्टात जाणं व्यर्थ होतं का, हा प्रश्न खालच्या कोर्टाकडे पाठवायचा होता, तो बंद करायचा नव्हता.

पूर्वपक्ष: मग तुमच्या प्रस्तावाच्या सिद्धान्ताने व्यवहारात काय हाती लागतं, ते बघा. जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्या करारातही तेच अठरा महिने आहेत. त्याच करारावर सीमेन्सचा दावा 2004 मध्ये आत घेतला गेला, विंटर्सहालचा 2008 मध्ये फेटाळला गेला, होख्टीफचा 2011 मध्ये आत आला आणि डाइमलरचा 2012 मध्ये बाहेर गेला. एकच कलम, तेच शब्द, तोच देश, आणि आलटून पालटून निकाल. अटीला अधिकारक्षेत्राचा दर्जा दिला की हे असंच होणार, कारण मग प्रत्येक शब्दावर सगळा दावा टांगला जातो. दुसरं म्हणजे अठरा महिन्यांत ब्यूनस आयर्सच्या कोर्टात अशा मोठ्या प्रकरणाचा अंतिम निकाल लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग दोन्ही बाजूंनी वकिलांची फी भरून, कॅलेंडर बघत बसून, शेवटी लवादाकडेच यायचं. या प्रवासाने कोणाचं भलं झालं?

उत्तरपक्ष: आलटून पालटून निकाल लागले हे खरं, पण कारण तपासा. आत आलेल्या दोन्ही दाव्यांत कलमाचा अर्थ वेगळा लावला गेला असं झालेलं नाही. तिथे परमानुग्रहित राष्ट्राचं कलम, म्हणजे दुसऱ्या देशाच्या गुंतवणूकदाराला द्याल ते मलाही द्या हे कलम, मदतीला घेतलं गेलं. अर्जेंटिनाच्या चिलीशी झालेल्या करारात अठरा महिन्यांची अट नव्हती, म्हणून जर्मन कंपन्यांनी ती सवलत मागितली. ही वाट 2000 मध्ये माफेझिनी विरुद्ध स्पेन या निवाड्याने उघडली. तिथे एका अर्जेंटिनी गुंतवणूकदाराला स्पेनच्या चिलीशी झालेल्या कराराचा आधार घेऊन हीच अट ओलांडू दिली गेली. खरा घोळ तिथून सुरू झाला. विंटर्सहालच्या लवाद मंडळाचे अध्यक्ष फली नरिमन होते, मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात कायदा शिकलेले आणि मुंबई हायकोर्टात वकिलीची सुरुवात केलेले. त्यांच्या मंडळाने सांगितलं की अठरा महिन्यांची अट ही अर्जेंटिनाच्या संमतीचा भाग आहे, आणि अमेरिकेशी झालेल्या करारातून ती वगळलेली संमती उसनी आणता येत नाही. मला हे वाचन पटतं, पण त्याचं कारण शब्दांची कडकपणे पूजा करणं हे नाही. अठरा महिने कशासाठी आहेत ते पाहा. निकाल येईल या आशेने ते ठेवलेलेच नाहीत, कारण निकाल न आल्यास लवादाकडे जा, असं कलमच म्हणतं. ते आहेत देशाच्या न्यायालयाला आपल्याच सरकारची चूक बघण्याची एक संधी देण्यासाठी. त्या काळात एखादा अंतरिम आदेश येतो, मंत्रालयाला फाइल पुन्हा उघडावी लागते, सरकारी वकिलाला आपली बाजू किती कच्ची आहे हे कळतं. वॉशिंग्टन अधिवेशन, म्हणजे जागतिक बँकेच्या छत्राखाली गुंतवणूक लवाद चालवणारा 1965 चा करार, आपल्या 26 व्या कलमात स्पष्टपणे म्हणतं की एखादा देश स्थानिक उपाय आधी संपवण्याची अट आपल्या संमतीला घालू शकतो. ज्या व्यवस्थेच्या मुळाशीच हा हक्क आहे, तिथे तो कालहरण म्हणून बाजूला करता येणार नाही.

पूर्वपक्ष: संधी हा शब्द तुम्ही पुन्हा पुन्हा वापरता. मग वाटाघाटीच्या कूलिंग-ऑफ काळाचं काय? तिथे राज्याला कोर्टाची संधीही मिळत नाही, फक्त सहा महिन्यांचं मौन मिळतं. एक्वादोरचं उदाहरण घ्या. तेलाचे भाव वाढल्यावर जादा महसुलात सरकारचा वाटा 2006 मध्ये निदान 50 टक्के झाला आणि 2007 मध्ये 99 टक्के. मर्फी ही अमेरिकन कंपनी तिथल्या एका तेलक्षेत्रात भागीदार होती. तिने नोटीस दिली आणि लगोलग 2008 मध्ये लवादाकडे दावा केला. सहा महिने थांबली नाही, कारण एवढी मोठी वाढ करणारं सरकार चहा पिऊन ती मागे घेणार नव्हतं. शिवाय त्या भागीदारीतल्या मुख्य कंपनीने, रेप्सोलने, आधीच नोटीस दिलेली होती. तरीही 2010 च्या डिसेंबरमध्ये लवादाने सांगितलं की अधिकारक्षेत्र नाही. जवळपास तीन वर्षं आणि वकिलांचा सगळा खर्च वाया गेला. मर्फीने हेगच्या कायम लवाद न्यायालयात नव्याने दावा केला आणि 2016 मध्ये तिला जवळपास दोन कोटी डॉलर मिळाले. न्याय तोच मिळाला, फक्त आठ वर्षं गेली. हे राज्याचं संरक्षण आहे की राज्याने टाकलेला अडथळा?

उत्तरपक्ष: मर्फीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: अट बंधनकारक होती का, आणि ती मोडल्याचा परिणाम काय असावा. पहिल्यावर लवाद बरोबर होता. वाटाघाटी करून तोडगा निघणारच नाही हे आधीच ठरवून प्रयत्न टाळता येत नाही, कारण अट प्रयत्नाची असते, यशाची नसते. रेप्सोलची नोटीस रेप्सोलच्या वादाची होती. एक्वादोरला मर्फीचं म्हणणं मर्फीकडून कळण्याचा हक्क होता. पण परिणामाबाबत लवादाने विचार कमी केला, असं मला वाटतं. या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडेच लिहिलेलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 80 सांगतं की सरकारविरुद्ध दावा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्या. मालेगावच्या दंगलीनंतर बसवलेल्या वसुलीविरुद्ध काही रहिवाशांनी नोटीस दिली आणि मुदत भरण्याआधीच दावा लावला. 1927 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने भागचंद दगडूसा यांच्या त्या प्रकरणात सांगितलं की कलम काटेकोर आहे, अपवाद नाही. पुढची अनेक वर्षं नोटिशीतल्या एखाद्या उणिवेवरून सरकारी वकील दावे उडवत राहिले. शेवटी 1976 मध्ये संसदेने कलमात दुरुस्ती केली. आता तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो, आणि तातडी नाही असं न्यायालयाला दिसलं तर ते दावा फेटाळत नाही, नोटीस देऊन पुन्हा आणा म्हणून परत करतं. नोटिशीतल्या तांत्रिक चुकीवरूनही दावा बाद होत नाही. अट कायम राहिली, पण मोडल्याची शिक्षा अटीच्या हेतूएवढीच झाली. वाटाघाटीच्या मुदतीला हाच न्याय लावता येतो. मर्फीचा लवाद कामकाज थांबवून सहा महिने देऊ शकला असता, कारण हिरावलेली गोष्ट फक्त वेळ होती, आणि वेळ परत देता येतो. अठरा महिन्यांच्या कोर्टाचं तसं नाही. लवाद स्वतः ब्यूनस आयर्सच्या न्यायाधीशाची जागा घेऊ शकत नाही, आणि हेगमध्ये सुनावणी चालू झाल्यावर तिथला न्यायाधीश मोकळ्या मनाने निर्णय देणार नाही. म्हणून एकच नियम सगळ्या अटींना लावू नका. अटीने राज्याला काय देऊ केलं होतं ते विचारा, आणि ते आता परत देता येतं का ते पाहा. मर्फीच्या प्रकरणात एक धोकाही होता. एक्वादोर 2010 च्या जानेवारीत वॉशिंग्टन अधिवेशनातून बाहेर पडला होता. अमेरिका आणि एक्वादोर यांच्या करारात दुसऱ्या नियमांखाली लवादाची वाट ठेवलेली नसती, तर फेटाळलेला दावा कायमचा संपला असता. वेळेच्या चुकीची ही किंमत अवाजवी ठरली असती.

पूर्वपक्ष: मग फोर्क-इन-द-रोडमध्ये, म्हणजे कोर्ट किंवा लवाद यांपैकी एक निवडल्यावर दुसरी वाट बंद करणाऱ्या कलमात, तुम्ही आमच्याच बाजूला आला पाहिजेत. तिथे चूक परत घेता येत नाही. एकदा स्थानिक कोर्टात पाऊल टाकलं की लवाद गेला. म्हणून अनेक लवादांनी जपलेली कसोटी कडक आहे: दोन्हीकडे पक्ष तेच, मागणी तीच आणि कायदेशीर आधार तोच असेल, तरच वाट बंद. स्थानिक कंपनी कंत्राटासाठी कोर्टात गेली म्हणून परदेशी मालकाचा करारावरचा हक्क जाऊ नये.

उत्तरपक्ष: इथे माझा तुमच्याशी सगळ्यात मोठा मतभेद आहे. तुमची तिहेरी कसोटी जशीच्या तशी लावली, तर हे कलम कधीच लागू होणार नाही. स्थानिक कोर्टात दावा करते ती बहुधा देशात नोंदवलेली कंपनी, लवादात येते ती तिची परदेशी मालक. कोर्टात आधार असतो कंत्राट किंवा देशाचा कायदा, लवादात असतो आंतरराष्ट्रीय करार. तिन्ही गोष्टी जुळणारा खटला शोधून सापडणार नाही, आणि करारातलं एक कलम फक्त कागदावर उरेल. पँटेक्निकी विरुद्ध आल्बेनिया हा 2009 चा निवाडा यावर मला अधिक प्रामाणिक वाटतो. या ग्रीक कंत्राटदाराचं रस्ते आणि पुलांचं काम 1997 च्या दंगलीत उद्ध्वस्त झालं. तिथल्या रस्ते विभागाने नुकसानीची रक्कम मान्यही केली, सुमारे 18 लाख डॉलर, पण अर्थखात्याने पैसे दिले नाहीत. कंत्राटदार आल्बेनियाच्या कोर्टात गेला, हरला, वरच्या कोर्टातलं अपील मध्येच सोडून लवादाकडे आला. एकमेव लवाद यान पॉलसन यांनी विचारलं, की दाव्याचा खरा पाया काय आहे? पाया तीच थकलेली रक्कम होता, म्हणून तेवढा भाग कोर्टाची वाट निवडल्यामुळे बाद झाला. न्याय नाकारल्याची तक्रार मात्र वेगळी होती, कारण ती कोर्टाच्या वागणुकीवर होती, म्हणून ती ऐकली गेली. तीही पुढे टिकली नाही, कारण अपील स्वतःच सोडून दिलेलं होतं. या निवाड्यात गुंतवणूकदाराचा हक्कही राहिला आणि कलमालाही अर्थ राहिला. मालकाला अडकवण्याची भीती असेल, तर स्थानिक कंपनीने कोर्टात नेमकं काय मागितलं एवढं तपासलं की पुरेसं. वेगळं मागितलं असेल तर वाट मोकळी राहते. तेच मागितलं असेल तर एकाच पैशासाठी दोन दारं ठोठावली असं म्हणायला हरकत नाही.

पूर्वपक्ष: ठीक, पण तुमच्या या हेतूच्या भाषेतून राज्यं काय शिकली ते भारतात पाहा. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीला कोल इंडियाविरुद्धच्या 2002 च्या निवाड्याची अंमलबजावणी भारतीय कोर्टात वर्षानुवर्षं मिळाली नाही, आणि 2011 मध्ये लवादाने भारताला जबाबदार धरलं. त्यावर भारताने काय केलं? 2015 च्या डिसेंबरात मान्य केलेल्या नव्या नमुना करारात आधी पाच वर्षं स्थानिक उपाय करून पाहा, अशी अट घातली. ज्या कोर्टाच्या विलंबामुळे आपण हरलो, त्याच कोर्टात आणखी पाच वर्षं. तुमच्या मताप्रमाणे ही अटही संमतीचा भाग, आणि मोडली की दार बंद.

उत्तरपक्ष: पाच वर्षं मलाही फार वाटतात, पण त्या मसुद्यात अर्जेंटिनाच्या कलमात नसलेल्या गोष्टी आहेत, त्याच मला महत्त्वाच्या वाटतात. कलमाचं शीर्षकच लवादाआधी पाळायच्या अटी असं आहे, त्यामुळे ती केवळ कार्यपद्धती आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रायर यांनी स्वतः अमेरिका आणि दक्षिण कोरिया यांच्या करारातल्या संमतीवरच्या अटी आणि मर्यादा या शीर्षकाचा उल्लेख करून, तशी स्पष्ट भाषा असती तर काय झालं असतं, हा प्रश्न पुढच्यासाठी मोकळा ठेवला होता. दुसरं, वाजवी दिलासा देऊ शकेल असा कोणताही स्थानिक उपाय उपलब्धच नाही, हे गुंतवणूकदाराने दाखवलं तर ती पाच वर्षं लागू होत नाहीत. बीजीच्या लवादाला जे कारण स्वतः शोधावं लागलं, ते इथे कलमातच लिहिलेलं आहे. तिसरं, परमानुग्रहित राष्ट्राचं कलम मसुद्यातून काढून टाकलं आहे, त्यामुळे माफेझिनीची वाट बंद आहे. आणि पाच वर्षांबद्दलची तुमची तक्रार दिल्लीने अंशतः ऐकलीही आहे. संयुक्त अरब अमिरातीशी केलेला करार 31 ऑगस्ट 2024 पासून लागू झाला, त्यात ही मुदत तीन वर्षांवर आली आहे. त्या करारावर गुंतवणूक करणाऱ्या कंपनीच्या वकिलाने पहिल्या दिवशीच आपल्या वहीत नोटिशीची आणि कोर्टात जाण्याची तारीख लिहून ठेवावी. नंतर लवादासमोर अट व्यर्थ होती असं म्हणायचं असेल, तर ती व्यर्थ का होती याचा पुरावाही त्याच दिवसापासून गोळा करावा.